आधी मराठी अर्ज दुरुस्त करा, इंग्रजी नंतर

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा, भांडुपला राहतो. आयटीआयमधून रेफ्रिजरेशन-एसीचा ट्रेड केला. जून २०१७ पासून अंधेरीच्या एका मोठ्या हॉटेलात एसीसाठी पाणी थंड करणाऱ्या चिलर प्लँटवर आहे, गेली तीन वर्षं शिफ्ट इन्चार्ज. डब्लिनच्या एका मेंटेनन्स कंपनीची चिलर टेक्निशियनची जाहिरात आली आहे. सीव्हीबरोबर कव्हर लेटर मागितलंय. मी मराठीत असं लिहिलं:

‘महोदय, वरील विषयास अनुसरून विनंतीपूर्वक अर्ज सादर करतो की, माझे वडील गिरणी कामगार होते व घरची सर्व जबाबदारी माझ्यावर आहे. मी आपल्या नामांकित संस्थेत काम करण्यास इच्छुक असून गेली आठ वर्षे हॉटेलच्या प्लँटची देखरेख प्रामाणिकपणे करत आहे. सर्व कामे वेळेवर करण्यात येतात. गेल्या उन्हाळ्यात टँकरच्या पाण्यामुळे आलेली अडचण वेळीच लक्षात घेऊन दूर करण्यात आली. तरी माझ्या अर्जाचा सहानुभूतीपूर्वक विचार व्हावा, ही नम्र विनंती.’

दादरच्या एका ओळखीच्या माणसाने पैसे घेऊन याचं इंग्रजी करून दिलं. दिसायला भारी आहे, पण मला स्वतःला ते धड वाचता येत नाही. त्यात ‘दहा वर्षांहून अधिक अनुभव’ आणि ‘टीम मॅनेज केली’ असंही घातलंय. जाहिरातीत एसीतला गॅस हाताळण्यासाठी लागणारं एफ-गॅस सर्टिफिकेट मागितलंय, ते माझ्याकडे नाही. हेच पाठवू, की दुसऱ्याकडून भाषांतर करून घेऊ?

एक वाचक, भांडुप

*

हे पाठवू नका. दुसऱ्याकडून भाषांतरही इतक्यात करून घेऊ नका, कारण दुसरा माणूस कितीही चांगलं इंग्रजी जाणणारा असला तरी त्याच्या हातात तुम्ही हाच मराठी मजकूर देणार. अडचण या मजकुरातच आहे.

शाळेत आपल्याला अर्ज शिकवतात तो सरकारी धाटणीचा असतो. प्रति, विषय, महोदय, मग परिस्थिती, मग विनंती. समोर एक अधिकारी आहे, मंजुरी त्याच्या हातात आहे, आणि आपण त्याच्याकडे काही मागतो आहोत, असं धरून तो लिहिलेला असतो. वॉर्ड ऑफिसात किंवा एखाद्या ट्रस्टकडे तो अगदी योग्य. डब्लिनमध्ये तुमचं पत्र उघडणारा माणूस मंजुरी देणारा नाही. त्याला कामाला माणूस हवा आहे आणि त्याच्यासमोर अर्जांचा ढीग आहे. पत्र वाचताना तो मोजक्याच गोष्टी शोधतो. हा कुठल्या जागेसाठी लिहितोय? आमच्याकडे आहेत तशा मशिनवर याने हात चालवलाय का? चालवला असेल तर नेमकं काय केलं? आणि हा कधी, कोणत्या अटींवर येऊ शकतो? तुमच्या मराठी मजकुरात यातल्या एकाही प्रश्नाचं पुरतं उत्तर नाही. म्हणून दादरच्या गृहस्थांनी रिकामी जागा विशेषणांनी भरली. जे मुळात लिहिलेलंच नाही ते भाषांतरात कुठून येणार?

तुमच्या पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य कोणतं, माहीत आहे? टँकरच्या पाण्याचं. ‘अडचण दूर करण्यात आली.’ कोणती अडचण, कुणाच्या लक्षात आली, कशी, दूर कुणी केली, यातलं काहीच त्यात नाही. म्हणून मी तुम्हाला फोन केला आणि खोदून खोदून विचारलं. माझा धाकटा भाऊ चिलर सर्व्हिसिंगमध्ये आहे, त्यालाही शेजारी बसवलं होतं. तुम्ही जे सांगितलंत ते इथे थोडं सविस्तर मांडते, कारण असाच अर्ज लिहिणाऱ्या इतरांनाही ते उपयोगी पडेल.

तुमच्या प्लँटवर २५० टनांचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर आहेत. मे महिन्यात महापालिकेचं पाणी पुरेना, म्हणून हॉटेलने कूलिंग टॉवरसाठी टँकर घ्यायला सुरुवात केली. महापालिकेचं पाणी तलावांचं, त्यामानाने मऊ. टँकरचं बहुधा बोअरवेलचं, क्षारांनी भरलेलं. टॉवरमध्ये पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात, साठत जातात, आणि कंडेन्सरच्या गरम ट्यूबवर त्यांचा पांढरा थर बसतो. थर बसला की गॅसची उष्णता पाण्यात नीट उतरत नाही. तुम्ही दर दोन तासांनी लॉगबुकात आकडे लिहीत होता. एरवी कंडेन्सरमधून बाहेर पडणारं पाणी ३४ अंशांवर असेल तर गॅसचं कंडेन्सिंग तापमान ३६ च्या आसपास असायचं. म्हणजे दोन अंशांचा फरक, ज्याला तुम्ही लोक अ‍ॅप्रोच म्हणता. तिसऱ्या आठवड्यात पाणी ३४ वरच होतं आणि गॅस ३९ वर. लोड तोच होता, पाण्याचा फ्लो कमी झालेला नव्हता. तुम्ही मशिन बंद करून कंडेन्सरचं पाणी फिरत ठेवलंत, तापमान स्थिर होऊ दिलंत, आणि गेजवरचा प्रेशर त्या तापमानाच्या चार्टशी ताडून पाहिला. तो जुळला, म्हणजे सिस्टिममध्ये हवा शिरलेली नव्हती. मग चीफ इंजिनिअरांना सांगितलंत, दुसऱ्या चिलरवर हॉटेल चालवून रात्री एंड कव्हर उघडलंत, आणि दोघा सहकाऱ्यांबरोबर ट्यूब ब्रशने साफ करून डीस्केलिंग केलंत. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप्रोच अडीचवर आला. तेव्हापासून टँकर टाकीत रिकामा करण्याआधी पाण्याची हार्डनेस टेस्ट करायची पद्धत तुम्ही पाडलीत आणि टॉवरचं ब्लोडाउनही, म्हणजे क्षार साठलेलं पाणी सोडून देणंही, वाढवलंत.

भावाने फोन ठेवल्यावर एवढंच म्हटलं की, या माणसाला मशिन कळतं. डब्लिनमधल्या माणसालाही हेच वाटायला हवं, आणि ते ‘प्रामाणिकपणे’ या शब्दाने वाटणार नाही. ते दोनवरून पाच आणि पाचवरून अडीच या आकड्यांनी वाटेल.

आता हे मराठीत कसं लिहायचं? प्रत्येक वाक्यात करणारा माणूस दिसू द्या. आपल्याला लहानपणापासून सांगितलेलं असतं की ‘मी मी’ करू नये, म्हणून अर्जात सगळं ‘करण्यात येते’ आणि ‘दूर करण्यात आली’ असं होतं. ही सभ्यता इथे तुमच्या आड येते. वाचणाऱ्याला कळायलाच हवं की यातलं तुम्ही काय केलंत आणि इतरांनी काय. जे एकट्याने केलं तिथे ‘मी’. जे मिळून केलं तिथे ‘दोन सहकाऱ्यांसोबत’. आणि ज्यांनी परवानगी दिली त्यांचा हुद्दा. यात बढाई कुठेच नाही. उलट प्रत्येकाचं श्रेय जिथल्या तिथे जातं.

‘टीम मॅनेज केली’ हे मात्र काढाच. ‘देखरेख’ या एका शब्दावरून ते आलेलं दिसतं. तुम्ही मशिनवर देखरेख ठेवता, त्याने माणसांवरची समजली. तिकडे टीम मॅनेज करणारा म्हणजे भरती, रजा, कामाचं मूल्यमापन बघणारा. मुलाखतीत पहिला प्रश्न त्यावरच आला तर तुम्ही काय सांगणार? तुमच्या शिफ्टला एक ऑपरेटर आणि दोन हेल्पर असतात आणि त्यांना काम नेमून देणं तुमच्याकडे आहे. मग तेवढंच लिहा.

दहा वर्षांचंही तेच. तुमचं अनुभवपत्र जून २०१७ सांगणार. पत्रात दहा, सीव्हीत आठ, अनुभवपत्रात तिसरंच काही, अशी तफावत दिसली की वाचणारा बाकीच्या खऱ्या गोष्टींवरही शंका घेतो. शिवाय तिकडच्या नोकरीच्या परमिटच्या वेळी कागद तपासले जातात. वर्षांची बेरीज न देता ‘जून २०१७ पासून’ असंच लिहा. त्याआधी अप्रेंटिसशिप केली असेल तर ती वेगळ्या ओळीत, अप्रेंटिसशिप म्हणूनच.

आणखी एक मोह होईल, त्याबद्दल आधीच सांगते. कंडेन्सिंग तापमान एका अंशाने वाढलं की कॉम्प्रेसर साधारण दोन-तीन टक्के जास्त वीज खातो, असा तुमच्या क्षेत्रातला ढोबळ हिशेब आहे. त्यावरून ‘मी विजेची इतके टक्के बचत केली’ असं लिहावंसं वाटेल. चिलरला स्वतंत्र मीटर असेल आणि सफाईच्या आधीचं व नंतरचं रीडिंग तुमच्याकडे असेल तरच लिहा. नसेल तर अ‍ॅप्रोचचे आकडे पुरेसे आहेत. ज्याला काम कळतं तो बचत मनातल्या मनात काढेल, आणि ज्या आकड्यामागे वही नाही तो आकडा मुलाखतीत तुम्हालाच अडवेल.

आता एकक. भाषांतर करणारे शब्द बदलतात आणि आकडे तसेच ठेवतात. आपल्याकडे चिलर टनात मोजतो. युरोपात कूलिंग कपॅसिटी किलोवॉटमध्ये सांगतात. एक टन म्हणजे सुमारे ३.५२ किलोवॉट, म्हणून तुमचा २५० टनांचा चिलर तिकडच्या माणसाला ८८० किलोवॉटचा असं सांगा. ‘कूलिंग कपॅसिटी’ हे शब्द सोबत हवेतच, नाहीतर कुणी ते मोटरचे किलोवॉट समजेल. प्रेशर पीएसआयमध्ये लिहायची सवय असेल तर बारमध्ये करा, साडेचौदा पीएसआयचा एक बार. गॅसची नावं सगळीकडे सारखीच, तुमचा आर-१३४ए तिकडेही आर-१३४एच.

जाहिरात पुन्हा एकदा वाचा आणि चिलर कोणते म्हटलेत ते बघा. डब्लिनमध्ये डेटा सेंटर पुष्कळ आहेत आणि तिकडे एअर-कूल्ड चिलर बरेच दिसतात. त्यात कूलिंग टॉवर नाही, टँकरही नाही. जाहिरात एअर-कूल्डची असेल तर टँकरची गोष्ट ठेवा, कारण तिच्यातून तुमची शोधण्याची पद्धत दिसते. पण त्याशेजारी एअर-कूल्ड मशिनवर जे काही केलंत तेही एका ओळीत यायला हवं. काहीच केलं नसेल तर ‘मुख्यतः वॉटर-कूल्ड’ असं स्पष्ट लिहा.

एफ-गॅसबद्दल तुम्हाला सगळ्यात जास्त धास्ती आहे, आणि ती अनाठायी नाही. युरोपीय संघात हा कायद्याचा भाग आहे. फ्लोरिनेटेड गॅस असलेली यंत्रणा बसवणं, दुरुस्त करणं, तिची गळती तपासणं, गॅस परत काढून घेणं, ही कामं प्रमाणपत्र असलेल्या माणसानेच करायची. पूर्वीचा २०१४ चा नियम जाऊन २०२४ मध्ये नवा, आणखी कडक आला. आपलं आयटीआयचं नॅशनल ट्रेड सर्टिफिकेट त्याची जागा घेऊ शकत नाही, कितीही चांगले मार्क असले तरी. म्हणून हा मुद्दा पत्रात गाळू नका. गाळलात तर वाचणाऱ्याला वाटेल की तुम्ही जाहिरात नीट वाचलीच नाही किंवा लपवताय. दोन वाक्यं लिहा. पहिल्यात सर्टिफिकेट नाही हे सांगा. दुसऱ्यात त्यात ज्या कामांची परीक्षा होते त्यातलं तुम्ही रोज काय करता ते सांगा: नायट्रोजनने प्रेशर टेस्ट, लीक डिटेक्टरने तपासणी, रिकव्हरी मशिनने गॅस सिलिंडरमध्ये उतरवून घेणं, व्हॅक्यूम करून वजनावर गॅस भरणं. यातलं एखादं काम तुमच्या प्लँटवर बाहेरचा सर्व्हिस कॉन्ट्रॅक्टर करत असेल तर ते यादीतून वगळा.

पत्र पाठवण्याआधी कंपनीला तीन ओळींचा मेल टाका: सर्टिफिकेट अर्जाच्या वेळीच हवं, की रुजू झाल्यावर ठरावीक मुदतीत घेतलं तर चालेल? अर्जाच्या वेळीच हवं असेल तर हा अर्ज इथेच थांबेल, आणि ते आत्ता कळलेलं बरं. कुणी तुम्हाला ब्रिटनचा कोर्स करा म्हणून सांगेल. ब्रिटन आता युरोपीय संघात नाही, तेव्हा तिथलं सर्टिफिकेट आयर्लंडमध्ये चालेल असं धरून पैसे भरू नका. आधी कंपनीलाच विचारा की कोणतं मान्य आहे.

वडिलांबद्दलची ओळ काढा असं सांगताना मला जड जातंय. गिरणी बंद पडल्यावर ज्या घरांनी दिवस काढले त्यांना ती ओळ काय आहे ते माहीत आहे. पण आयर्लंडमध्ये नोकरीच्या बाबतीत वय, वैवाहिक स्थिती, कौटुंबिक स्थिती, धर्म, वंश अशा नऊ आधारांवर भेदभाव करायला कायद्याने बंदी आहे. त्यामुळे तिकडच्या नोकरी देणाऱ्याला तुमच्या घरची माहिती नकोच असते, ती हातात आली तर त्याची पंचाईत होते. म्हणून घरची परिस्थिती, जन्मतारीख, लग्न झालंय की नाही, मुलं किती, धर्म-जात, यातलं काहीही नको. फोटोही नको. ‘सहानुभूतीपूर्वक’ हा शब्द याच कारणाने जाईल. (आखाती देशांत पद्धत वेगळी असते, तिथे यातलं बरंचसं स्वतःहून मागतात. हा सल्ला आयर्लंडपुरता.)

आता नवा मराठी मसुदा. तुमच्या फोनवरच्या बोलण्यातूनच तयार केला आहे, चुकलं असेल ते दुरुस्त करा:

‘आपल्या जाहिरातीतील चिलर टेक्निशियन या जागेसाठी मी अर्ज करत आहे. मी जून २०१७ पासून मुंबईतील एका मोठ्या हॉटेलच्या चिलर प्लँटवर काम करतो. तेथे ८८० किलोवॉट कूलिंग कपॅसिटीचे दोन वॉटर-कूल्ड स्क्रू चिलर आहेत. गेली तीन वर्षे मी शिफ्ट इन्चार्ज आहे. माझ्या शिफ्टमध्ये एक ऑपरेटर व दोन हेल्पर असतात आणि त्यांना मी काम नेमून देतो.

गेल्या मे महिन्यात कूलिंग टॉवरसाठी टँकरचे पाणी सुरू झाले. तीन आठवड्यांनी एका चिलरचा कंडेन्सर अ‍ॅप्रोच दोन अंशांवरून पाच अंशांवर गेल्याचे मला लॉगबुकात दिसले. लोड आणि पाण्याचा फ्लो बदललेला नव्हता. सिस्टिममध्ये हवा नाही याची मी खात्री केली. चीफ इंजिनिअरच्या परवानगीने मी दोन सहकाऱ्यांसोबत रात्रपाळीत ट्यूब साफ केल्या. दुसऱ्या दिवशी अ‍ॅप्रोच अडीच अंशांवर आला. तेव्हापासून प्रत्येक टँकरच्या पाण्याची हार्डनेस मी आधी तपासतो.

माझ्याकडे एफ-गॅस सर्टिफिकेट नाही. प्रेशर टेस्ट, गळती तपासणी, गॅस रिकव्हरी आणि व्हॅक्यूम ही कामे मी नियमित करतो. सर्टिफिकेटसाठी लागणारे प्रशिक्षण व परीक्षा देण्यास मी तयार आहे.

मी भारतीय नागरिक आहे आणि मला एम्प्लॉयमेंट परमिट लागेल. माझा नोटीस पीरियड दोन महिन्यांचा आहे. व्हिडिओ मुलाखतीसाठी मी कोणत्याही दिवशी उपलब्ध आहे.’

परमिटची ओळ लिहू नका, असं काही जण सांगतील. लिहा. युरोपबाहेरच्या माणसाला तिथे नोकरीसाठी परमिट लागतं हे त्यांना माहीतच आहे आणि ऑनलाइन फॉर्ममध्येही तो प्रश्न असतोच. फॉर्ममध्ये एक आणि पत्रात गप्प, असं नको. नोटीस पीरियडचा आकडा मात्र नेमणूकपत्रात बघून भरा, मी तो तुमच्या सांगण्यावरून लिहिला आहे.

हा मजकूर इंग्रजीत तुम्ही स्वतः करा. घाबरू नका, वाक्यं मुद्दाम छोटी ठेवली आहेत आणि निम्मे शब्द तुम्ही प्लँटवर रोज इंग्रजीतच बोलता. पत्रातलं प्रत्येक वाक्य तुम्हाला न अडखळता मोठ्याने म्हणता आलं पाहिजे, कारण पुढची पायरी व्हिडिओ कॉल असते. पत्र उंची इंग्रजीत आणि कॉलवर माणूस चाचरतोय, हे समोरच्याला पहिल्या मिनिटात कळतं आणि पत्र दुसऱ्याने लिहिलंय हेही कळतं. साधं इंग्रजी तिकडे कमीपणाचं मानत नाहीत.

काही ठिकाणी आपलं मुंबईचं इंग्रजी घसरतं, ती बघून घ्या. ‘आय अ‍ॅम वर्किंग सिन्स २०१७’ नाही, ‘आय हॅव वर्क्ड’. आयटीआयमधून ‘पास्ड आउट’ लिहू नका, तिकडे त्याचा अर्थ बेशुद्ध पडणं असा घेतील, ‘कम्प्लीटेड’ लिहा. ‘रिस्पेक्टेड सर’, ‘आय बेग टू स्टेट’, ‘डू द नीडफुल’ आणि ‘युअर्स ओबीडियंटली’ यांना रजा द्या. जाहिरातीत माणसाचं नाव असेल तर डिअर लिहून मिस्टर किंवा मिझ आणि आडनाव, नसेल तर ‘डिअर हायरिंग मॅनेजर’. शेवटी ‘युअर्स सिन्सिअरली’ आणि नाव. नाव पासपोर्टवर आहे अगदी तसंच. आपल्याकडे पासपोर्टवर बहुतेकदा वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून आलेलं असतं. सीव्हीवर एक, पत्रावर दुसरं, ईमेलवर तिसरं असं झालं की पुढे कागद जुळवताना वेळ जातो.

इंग्रजी तयार झालं की दोघांना द्या. पहिली व्यक्ती अशी, जिला इंग्रजी चांगलं येतं पण चिलरमधलं काही कळत नाही आणि जिने तुमचा मराठी मसुदा पाहिलेला नाही. तुमची भाची मुलुंडला कॉलेजात आहे म्हणालात, ती चालेल. तिला दुरुस्त करायला लगेच सांगू नका. आधी पत्र वाचायला द्या, मग कागद काढून घ्या आणि विचारा, यात काय लिहिलंय ते मला मराठीत सांग. तिने सांगितलेलं तुमच्या मसुद्याशी ताडून बघा. ‘टँकरच्या पाण्याने मशिन बिघडलं होतं’ असं ती म्हणाली, तर इंग्रजीत तुम्ही जास्त बोलून गेलात, कारण मशिन बिघडलेलं नव्हतं, बिघडण्याआधी तुम्ही पकडलंत. ‘तुम्ही सगळ्या प्लँटचे प्रमुख आहात ना?’ असं म्हणाली तर शिफ्टचं वाक्य चुकलं. त्यानंतर तिला व्याकरण सुधारू द्या, पण साधं क्रियापद काढून जाडजूड घालू देऊ नका. साफ केलं तिथे साफ केलंच राहू द्या.

दुसरी व्यक्ती तुमच्या कामातली. बाहेर अर्ज करताय हे हॉटेलात कळू द्यायचं नसेल तर आयटीआयचे तुमचे जुने सर बघतील. त्यांनी फक्त तांत्रिक शब्द, आकडे आणि एकक तपासायची.

पत्र एका पानात बसवा, पीडीएफ करा, फाइलला तुमचं नाव आणि जागेचं नाव द्या. जाहिरातीला रेफरन्स नंबर असेल तर तो ईमेलच्या विषयात आणि पत्राच्या पहिल्या ओळीत. कव्हर लेटरला नोटरी, शिक्का, स्टॅम्प पेपर काही लागत नाही. ते प्रमाणित करून आणायला कुणी पैसे मागितले तर देऊ नका. प्रमाणित भाषांतर मराठीत असलेल्या दाखल्यांचं लागू शकतं, उदाहरणार्थ शाळा सोडल्याचा दाखला. कागद परदेशात ग्राह्य धरला जावा म्हणून लागणाऱ्या अपोस्टिलचंही तसंच, ते परराष्ट्र मंत्रालयाकडून होतं आणि आधी राज्य पातळीवर कागद तपासून घ्यावे लागतात. पण हे सगळं कंपनीने किंवा परमिटच्या कार्यालयाने मागितल्यावर. आत्ता त्यावर खर्च नको.

लॉगबुक हॉटेलचं आहे, त्याच्या पानांचे फोटो कंपनीला पाठवू नका. त्या तीन आठवड्यांचे आकडे तुमच्या स्वतःच्या वहीत तारखेनिशी उतरवून ठेवा आणि मुलाखतीच्या दिवशी ती वही समोर ठेवा. हवा नव्हती हे कशावरून ओळखलंत, असा प्रश्न नक्की येईल. उत्तर तुम्ही मला फोनवर मराठीत अर्ध्या मिनिटात दिलंत. तेच इंग्रजीत भाचीसमोर दोन-तीनदा बोलून बघा. आणि एफ-गॅसचा मेल मात्र आधी टाका.